जडावाच्या पेटीची पारख
(आकाशवाणीवरील भाषण)



चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांना लाकडाची वाण कधीच नव्हती; आलापल्लीचे आणि बल्लारपूरच्या आगारातले सागवान देशभर नावाजलेले आहे. असे असूनही येथील जुन्या वाड्यांतून हस्तिदंत, शिंपले किंवा धातू जडवलेली पेटी निघाली, तर ती बहुतेक बाहेरून आलेली असते, आणि विचार करू जाता त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. जडावकामास लाकडाइतकीच बंदराची निकड असते. हस्तिदंत, मोतीशिंप, कथील ही सामग्री समुद्रमार्गे जेथे उतरे तेथे मुख्यतः, म्हणजे सुरत, मुंबई, गोवे, विशाखापट्टण अशा ठिकाणी, ही कला नांदली. शिवाय आमचे सागवान इतके तेलकट की त्यावर सरस नीट धरत नाही. सबब येथील सुताराने दारावर, देव्हाऱ्यावर कोरीव काम केले, पितळी फुल्या ठोकल्या, पण चिकटवून करावयाच्या जडावाच्या वाटेला तो सहसा गेला नाही. मग या पेट्या येथे आल्या कशा, असे विचाराल, तर बदलून जाणाऱ्या साहेब लोकांच्या बंगल्यांवरील लिलाव आणि मुंबईकडील सोयरिकी, ही दोन कारणे मला अधिक संभवनीय वाटतात. गोदावरीकाठचे सिरोंचे हे १८७४ पर्यंत एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, म्हणजे साहेब लोकांचे बंगले तेथेही असणार, याचीही आठवण येथे ठेवावी.

अशीच एक पेटी चंद्रपुरातील एका वृद्ध बाईंनी मला दाखविली. "ही गोंड राजाच्या जामदारखान्यातली आहे, आणि सगळी हस्तिदंती आहे," असे त्यांनी सांगितले. पेटी वीतभर रुंद, दीड वीत लांब, उतरत्या झाकणाची. झाकण उघडताच चंदनाचा मंद वास आला. बाहेरून पाहावे तो सर्व अंगावर पांढऱ्या, काळ्या, हिरव्या आणि करड्या कणांनी सजलेल्या लहान लहान षट्कोणी चांदण्यांचे जाळे, आणि कडांना पांढऱ्या पट्ट्या. बाईंच्या दोन विधानांपैकी एकही टिकणारे नव्हते, पण ते का टिकत नाही याचा शोध घेताना पेटीची अवघी कुळकथा हाती लागते, म्हणून तो तपशीलवार सांगतो.

हे काम सादेलीचे. शिराझच्या खातमकामाशी नाते सांगणारी ही कला सिंधमार्गे सुरत व मुंबईस आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कारागिरांनी, त्यांत विशेषेकरून पारशी मंडळींनी, तिला असा लौकिक मिळवून दिला की विलायतेत अशा पेट्यांना मुंबईच्या पेट्या असेच म्हणू लागले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही त्या मांडल्या गेल्या. हिची कृती मोठी युक्तीची आहे. हस्तिदंत, हाड, काळे लाकूड, तांबूस पतंगाचे लाकूड आणि कथील यांच्या बारीक, लांब, तिकोनी अथवा षट्कोनी काड्या कानसून घ्यावयाच्या. त्या ठरलेल्या क्रमाने एकमेकींशेजारी मांडून, सरस लावून, सुतळीने आवळून त्यांची जुडी बांधावयाची. ही जुडी सुकून एकजीव झाली, म्हणजे तिच्या टोकावर चांदणीची आकृती उमटलेली दिसते. मग काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्या जुडीच्या पातळ चकत्या बारीक करवतीने काढावयाच्या. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी. या चकत्या चंदनाच्या पेटीवर सरसाने चिकटवून वरून घासून सपाट केल्या की काम झाले. बघणाराला वाटते, कण कण वेगळा खोदून बसविला. वास्तविक येथे खोदकाम मुळीच नसते.

आता पहिला दावा पाहू. चांद्याचे गोंड राज्य १७५१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली गेले, आणि ही कला मुंबईत रुजली ती त्यानंतर अर्धे शतक उलटून. सबब गोंड राजाच्या जामदारखान्याची गोष्ट येथेच संपते. अमुक तंत्र अमुक ठिकाणी कधी आले, हे ठाऊक असणे, हा कालनिर्णयाचा अव्वल पुरावा होय. पेटीचा रंग, तिचा मळकटपणा आणि घरातील कथा हे सारे दुय्यम.

दुसरा दावा हस्तिदंताचा. हस्तिदंत आणि हाड यांतील भेद ओळखण्यास चांगले भिंग आणि तिरका प्रकाश पुरेसा आहे. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात, आणि त्यांत मळ शिरून त्या काळ्या होतात. हाडाची पट्टी लांबीत कापलेली असेल तर या नळ्या तुटक, बारीक रेघांसारख्या दिसतात; आडवी कापलेली असेल तर ठिपक्यांसारख्या. हस्तिदंतात अशा नळ्या नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषांचे जाळे दिसते आणि उभ्या छेदावर हलक्या लहरी. परंतु सादेलीत एक अडचण आहे, जी पुष्कळ जाणकारांच्याही लक्षात येत नाही: येथे सर्व काड्या आडव्याच कापलेल्या असतात आणि प्रत्येक कण इतका लहान की हस्तिदंताचे जाळे त्यात ओळखू येणे दुरापास्त. म्हणून चांदण्यांवर डोळे फोडण्यात अर्थ नाही. कडांच्या रुंद पट्ट्या पाहाव्यात. या पेटीच्या तीन बाजूंच्या पट्ट्या निर्मळ आणि लहरदार, म्हणजे हस्तिदंती निघाल्या. चौथ्या, पाठीमागच्या बाजूस, काळ्या तुटक रेघा स्वच्छ दिसत होत्या. तेथे हाड होते. बाईंना मी ते भिंगातून दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी मागची बाजू भिंतीकडे करून पेटी ठेवली.

तापलेली सुई टोचून वास घेण्याची परीक्षा काही दुकानदार करतात. ती करू नये, कारण सेल्युलॉइड पेट घेते आणि खऱ्या हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो. बनावट पांढरा पदार्थ ओळखण्याची साधी खूण अशी, की त्यात रेघा असल्याच तर त्या आखल्यासारख्या समांतर आणि सर्वत्र सारख्या असतात. पिवळेपणावरही विसंबू नये, चहाच्या पाण्याने तो कोणीही आणील. मात्र हस्तिदंत अंधारात अधिक पिवळे पडते आणि उजेडात फिके होते. म्हणून पेटीच्या आतील कप्प्यांच्या पट्ट्या बाहेरच्याहून पिवळ्या असतील, तर ती भरवशाची खूण आहे. आत-बाहेर एकसारखी पिवळाई असेल, तर शंका घ्यावी.

हिरवे कण असतात ते रंगविलेले हाड वा हस्तिदंत. हा रंग तांब्याच्या क्षाराचा. करडा धातू पुष्कळदा चांदी म्हणून सांगण्यात येतो, पण या पेट्यांत तो बहुधा कथील असतो, आणि जुने कथील मंद करड्या रंगाचे होते. तो चकचकीत पांढरा दिसला तर अलीकडच्या अॅल्युमिनियमची शक्यता धरावी. या पेटीच्या जडावात पितळ नव्हते. पितळी तारेचे जडाव हे उत्तरेकडील मैनपुरीचे वैशिष्ट्य, तेथे शिसवाच्या लाकडात चर पाडून तार उभी ठोकतात, आणि जुन्या तारेच्या कडेला हिरवट जंग दिसतो. मोतीशिंपेविषयी एवढेच सांगतो, की ती हाताला गार लागते, आणि पेटी हलविताच तिच्यातील गुलाबी-हिरवी झाक जागा बदलते. रंगविलेल्या कागदाची किंवा प्लास्टिकची झाक तशी बदलत नाही. कासवाच्या कवचाचे काम निराळेच, ते चट्ट्याचट्ट्यांचे आणि उजेडाविरुद्ध धरल्यास अर्धपारदर्शक. विशाखापट्टणच्या पेटीवर जी काळी नक्षी असते, तिला लोक जडाव म्हणतात. ती खरे तर हस्तिदंताच्या पत्र्यावर कोरून लाख भरलेली रेघ असते.

काळे लाकूड मात्र थोडे रेंगाळून पाहावे. आबनूस हा तेंदूच्याच कुळातला, आणि ज्याच्या पानांवर आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचा उन्हाळा चालतो त्या तेंदूच्या थोराड झाडाच्या गाभ्यातही काळेभोर लाकूड निघते. खरे काळे लाकूड तुटल्या जागी आतपर्यंत काळेच असते. रंगविलेले असले तर तुटलेल्या कडेला तपकिरी अथवा पिवळट गाभा उघडा पडतो.

उरला कालनिर्णयाचा बारकावा, आणि येथे आमचे हवामान साक्षीदार होते. चंद्रपूरचा उन्हाळा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, आणि त्यानंतर चार महिने हवा ओलीचिंब. लाकूड आपल्या धाग्याच्या आडव्या दिशेने आकसते व फुगते, लांबीत जवळजवळ नाही; वर चिकटविलेले हस्तिदंत त्याच्याबरोबर त्याच मानाने हलत नाही, आणि पावसाळी दमटपणात सरस सैल पडतो. म्हणून येथे शतकभर राहिलेल्या पेटीवर धाग्याच्या दिशेने गेलेल्या बारीक चिरा आणि धाग्याला आडव्या बसविलेल्या पट्ट्यांची उचललेली टोके दिसलीच पाहिजेत. या पेटीवर तीन बाजूंना त्या होत्या. हाडाच्या पट्टीजवळ नव्हत्या. अर्थात ती पट्टी नंतरची.

मग मी बिजागरीचा एक स्क्रू मालकिणीच्या परवानगीने काढून पाहिला. त्याचे टोक बोथट, आटे असमान आणि माथ्याची खाच मधोमध नसलेली. टोकदार, यंत्राने कापलेले स्क्रू १८५० च्या सुमारानंतर प्रचारात आले. तेव्हा मूळ बिजागरी त्याआधीची असली पाहिजे. दुसऱ्या बिजागरीचे स्क्रू मात्र टोकदार होते, आणि हाडाची पट्टीही त्याच पाठीमागच्या बाजूस होती. नक्षीही बारीक, घट्ट, चांदण्यांच्या रेषा जुळलेल्या अशी, पूर्वार्धातील कामास शोभेल अशी होती. पुढे मागणी वाढली तसे हे काम ढिले आणि ठोकळ होत गेले. एवढ्यावरून मी असा शेरा दिला, की पेटी मुंबईची किंवा सुरतेची, सुमारे १८३० ते १८५० या दरम्यानची, आणि तिच्या पाठीची दुरुस्ती त्यानंतर केव्हातरी झालेली. एकच स्क्रू पाहून असा निकाल देणे धोक्याचे असते, कारण जुने स्क्रूही नव्या पेटीत घालता येतात; तंत्र, नक्षी, चिरा आणि लोखंड हे चारही पुरावे एका दिशेने बोट दाखवीत होते, म्हणूनच मी तो दिला.

भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने, आणि परदेशी हस्तिदंतावर १९९१ मध्ये बंदी आली, हे पेटी विकू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ज्यांना ती घरात ठेवावयाची आहे त्यांनी निसटलेले तुकडे टाकू नयेत. कोणता कोठून निसटला हे चिठ्ठीवर लिहून ते पाकिटात ठेवावेत, आणि बाजारातील पांढऱ्या डिंकाने घाईघाईत चिकटवू नयेत. जुना सरस कोमट पाण्याने सुटतो आणि पुन्हा लावता येतो; नवा डिंक एकदा धरला की चकती मोडल्यावाचून तो सहसा निघत नाही.