मधला तास का रेंगाळतो?

लिंबागणेशच्या आमच्या गटातल्या काही जणींनी ऊसतोडीवर सिनेमाची पटकथा लिहायला घेतलीय. सुरुवात झकास जमली, शेवटही ठरला. मधला तास मात्र रेंगाळला. बाई मुकादमाकडे उचलीचा हिशेब मागते, तो टाळतो. पुन्हा मागते, पुन्हा टाळतो. या प्रसंगांची अदलाबदल करून पाहिली, तर काहीच बिघडलं नाही! दुखणं तिथंच कळलं.

मग ट्रकचा अपघात घातला. गडबड वाढली, पण तो बाईच्या मागणीतून आला नव्हता. काढून टाकला.

२००४चा ‘श्वास’ आठवा. नातवाच्या डोळ्याला कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आजोबा कसंबसं मन घट्ट करतात, तर ऑपरेशनच पुढं ढकललं जातं. मग आजोबा पोराला घेऊन दवाखान्यातून नाहीसेच होतात. एका प्रसंगातून दुसरा निघतो, त्यांची जागा बदलता येत नाही.

आता आमची बाई दुसऱ्या खेपेला हिशेब मिळवते. जिंकली म्हणावं, तर वहीत नवऱ्यानं चोरून घेतलेली आणखी उचल निघते. भांडण मुकादमाशी होतं, ते घरात आलं. तिसऱ्या खेपेला मुकादम सुचवतो, ‘पोरीचं लगीन लावा, नवा कोयता होईल, उचल फिटेल.’ पोरगी दहावीत आहे. आधी पैसे पणाला होते, आता पोर.

नवरा-बायकोचा त्या रात्रीचा प्रसंग अजून लिहायचाय. नवऱ्याला नुसता खलनायक करू नका, असं सखूमावशींचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं. कर्ज त्यानं का काढलं, ते आधी ठरवावं लागेल.