भिशीचे पैसे आणि भोरची एसटी

मी आमच्या गावचं वाचनालय बघते. आज बोलायचंय ते माझ्या धाकट्या जाऊबद्दल. आमच्या वाचनालयात तिच्याइतकं वाचणारं दुसरं कुणी नाही. महिन्याला आठ-दहा पुस्तकं तिच्या नावावर चढतात. ती पुण्याच्या एका दवाखान्यात कारकुनी करते. भोरहून सकाळी साडेसहाची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. जायला पावणेदोन तास, यायला पावणेदोन तास. म्हणजे दिवसाचे साडेतीन तास बसमध्येच जातात. पिशवीत डबा, छत्री, बाटली आणि एक जाडजूड कादंबरी. त्या कादंबरीला दोनदा डब्यातली आमटी लागली, म्हणून दंडही भरला तिनं. दंड घेणारी मीच!

दिवाळीआधी तिला भिशी लागली, पंधरा हजारांची. ती म्हणाली, "ताई, मी ते वाचायचं यंत्र घेते. एकात हजार पुस्तकं मावतात म्हणे." मी म्हटलं, "घे, पण आधी दोन आठवडे थांब. पैसे पळून जात नाहीत." त्या दोन आठवड्यांत आम्ही काय केलं, ते सांगते.

ई-रीडर म्हणजे पाटीएवढं एक उपकरण, एका हातात सहज मावणारं. त्याचा पडदा मोबाइलसारखा चमकत नाही, छापील कागदासारखा दिसतो. उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. मुख्यतः पान उलटतानाच वीज खर्च होते, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे आठवडे चालतं. नव्या उपकरणांना आतून मंद दिवा असतो, त्यामुळे थंडीतल्या अंधाऱ्या सकाळीही वाचता येतं. वस्तू चांगली आहे, यात वाद नाही. आपल्या कामाची आहे का, एवढंच बघायचं होतं.

मी तिला एक कागद दिला आणि म्हटलं, "पुढं वाचायची दहा पुस्तकं यावर लिही. लोक वाचतात ती नकोत, तुला खरंच हवी असलेली लिही." तिनं लिहिली. दोन जुन्या ग्रामीण कादंबऱ्या, तीन आत्मचरित्रं, एक रहस्यकथा, दोन अनुवाद आणि दोन अलीकडची पुस्तकं. मग रात्री जेवणं झाल्यावर एकेक नाव मोबाइलवर शोधत बसलो. किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं वाचता येतात, पण तिच्या दहापैकी चारच तिथं मिळाली. मराठी ई-पुस्तकांच्या दुसऱ्या एका दुकानात आणखी तीन होती, पण ती त्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात. ते ॲप मोबाइलवर चालतं, किंडलच्या उपकरणावर नाही. हे नीट लक्षात घ्या. विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुधा ज्या दुकानाचं, त्याच दुकानाच्या कुलपात असतं. एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे तिनं पंधरा हजारांचं उपकरण घेतलं असतं, तरी दहातली सहा पुस्तकं तिला मोबाइलवर नाहीतर माझ्याच कपाटात शोधावी लागली असती.

ती म्हणाली, "फुकटच्या पीडीएफ भरपूर मिळतात की, त्या टाकीन." म्हणून तशी एक पीडीएफ मोबाइलवर उघडून बघितली. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ पुष्कळदा पानांचे फोटो असतात. अख्खं पान छोट्या पडद्यावर बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला बोटानं पान इकडून तिकडे सरकवावं लागतं. घरी खाटेवर बसून हे कसंबसं जमेल. हलत्या एसटीत नाही. ज्या पुस्तकाचं अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप नव्यानं जुळतात, तेच अशा उपकरणावर सुखानं वाचता येतं. ईपब हा तसाच एक प्रकार. ई-पुस्तक घेण्याआधी बहुधा नमुन्याची पानं फुकट बघायला मिळतात, आणि किंडलचं ॲपही मोबाइलवर फुकट आहे. त्यामुळे उपकरण घ्यायच्या आधीच त्या दुकानात आपलं किती भागतं, ते कळून येतं.

दुसरी तपासणी रस्त्याची. आठवडाभर तिला वहीत टिपायला सांगितलं, किती वेळ बसायला मिळालं आणि किती वेळ वाचता आलं. सकाळी बस भोरलाच सुटते म्हणून खिडकी मिळते. पण कापूरहोळपर्यंत वळणं आणि खड्डे. तेवढ्यात वाचलं की तिला मळमळतं. डोळ्यांना स्थिर पान दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलणं जाणवतं. या दोघांचं पटलं नाही की पोट ढवळतं. हायवेला लागल्यावर पाऊण तास बरं वाचता येतं. संध्याकाळी मात्र स्वारगेटलाच बस भरलेली, खेड-शिवापूरपर्यंत उभं राहायचं. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात पिशवी. आठवड्याची बेरीज केली तेव्हा रोजच्या साडेतीन तासांपैकी हातात धरून वाचता येणारा वेळ तासाच्या आतच निघाला. उरलेल्या अडीच तासांत मोकळे होते ते फक्त कान.

म्हणून आम्ही ऐकायच्या पुस्तकांकडे वळलो. यात पैसे देण्याच्या तीन पद्धती आहेत. एकेक पुस्तक विकत घ्यायचं, ही एक. दर महिन्याला पैसे भरायचे आणि त्यात एक पुस्तक निवडायचं, त्याला क्रेडिट म्हणतात. ऑडिबलनं रूढ केलेली पद्धत ही. तिसरीत महिन्याचे पैसे भरले की यादीतलं हवं तेवढं ऐकायचं. स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं ते या पद्धतीनं, आणि पहिल्यापासून त्यात मराठी आहे. दर सारखे बदलतात, म्हणून आकडा मी सांगत नाही. हिशेब कसा करायचा ते सांगते.

अडीचशे पानांची मराठी कादंबरी वाचून दाखवायला साधारण नऊ तास लागतात. माझ्या जावेचे बसमधले तास महिन्याला सत्याऐंशी. डुलकी, शेजारणीशी गप्पा आणि घरचे फोन वजा केले तर साठ धरा. म्हणजे महिन्याला सहा-सात पुस्तकं. एका क्रेडिटचं पुस्तक पहिल्या आठवड्यातच संपेल आणि तीन आठवडे कोरडे जातील. तिला तिसरी पद्धतच परवडणार. पण महिन्याला एखादंच पुस्तक ऐकणारीला तीच पद्धत महागात पडते. हवं तेवढं म्हणताना काही योजनांत महिन्याच्या तासांची मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती शोधा. आणि लाखो पुस्तकं या जाहिरातीला भुलू नका. त्यातली मराठी किती आणि आपल्या कागदावरची किती, एवढंच विचारा. तिच्या दहापैकी सहा ऐकायला मिळाली. त्यातलं एक संक्षिप्त निघालं, साडेतीनशे पानांचं पुस्तक तीन तासांत संपत होतं. किती तासांचं आहे ते बघितलं की हे लगेच ओळखू येतं.

आवाजाचा नमुनाही ऐकून घ्या. एका आत्मचरित्राला इतका नाटकी आवाज होता, की पाच मिनिटांत ती म्हणाली, "ताई, हे मी वाचनालयातूनच नेते." नऊ तास तो आवाज कानात राहणार असतो, मैत्रिणींनो.

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी मी अशाच एका कंपनीची योजना घेतली होती. पहिले चौदा दिवस फुकट होते आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत होती. मी भरले. चार महिन्यांत माझ्या आवडीचं मराठी संपलं. उरलेलं होतं, ते मला नको होतं. पैसे परत मिळाले नाहीत. रागानं मी ॲप काढून टाकलं आणि निर्धास्त झाले. वर्ष भरताच खात्यातून पुन्हा पैसे गेले! ॲप काढल्यानं योजना बंद होत नाही. आपण यूपीआयवर ऑटोपेला मंजुरी दिलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या निदान चोवीस तास आधी संदेश यावा लागतो. तो आलाही होता, मीच वाचला नव्हता. ज्या ॲपवरून मंजुरी दिली, त्यातल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती रद्द करता येते. योजनेच्या खात्यातूनही बंद करायची. दोन्ही करा. आणि सुरुवात महिन्याच्या योजनेनंच करा, वर्षाची सवलत कितीही गोड दिसली तरी. आपण पैसे भरणं थांबवलं की ती पुस्तकंही ऐकता येत नाहीत, कारण ती विकत घेतलेली नसतात, वाचनालयासारखी वापरायला मिळालेली असतात.

वापरायच्या दोन-तीन गोष्टी. पुस्तक घरीच रात्री डाउनलोड करून ठेवायचं. तासाभराच्या ऐकण्याला साधारण तीस एमबी लागतात, म्हणजे अख्ख्या कादंबरीला पावणेतीनशे. रोजच्या डेटात ते सहज बसतं. अडचण डेटाची नसते, घाटात आणि कात्रजच्या बोगद्यात नेटवर्क जातं, तिची असते. संपलेलं पुस्तक काढून टाकलं नाही, तर मोबाइल भरून जातो. डुलकी लागणारीनं टायमर लावावा, पंधरा मिनिटांनी आवाज आपोआप थांबतो. नाहीतर जाग येते तेव्हा नायकाचं लग्न होऊन मुलंही झालेली असतात. आणि एसटीच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवत नेऊ नका, कानाला ते बाधतं. शेजारीण नेहमीच्या आवाजात बोललेली ऐकू आली पाहिजे. जाऊ एकच बोंडी कानात घालते, म्हणजे थांबा चुकत नाही आणि मागून कोण ढकलतंय तेही कळतं.

शेवटी तिनं ई-रीडर घेतला नाही. महिन्याची ऐकायची योजना घेतली आणि वायरवाले साधे इअरफोन घेतले. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून जे वाचतं, त्यातूनच हा खर्च भागतो असं ती म्हणते. तीच जर खिडकीशी हमखास बसून सरळ रस्त्यानं जात असती आणि तिच्या कागदावरची सात-आठ पुस्तकं एकाच दुकानात मिळाली असती, तर मीच तिला ई-रीडर घे म्हटलं असतं. इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या एका शिक्षिकेला मी तसं सांगितलंही, आणि ती खूश आहे.

भिशीच्या पैशातून जावेनं शिलाई मशीनची मोटर बदलून घेतली. जी चार पुस्तकं ऐकायला मिळाली नाहीत, त्यातली दोन आमच्या कपाटात होती आणि दोन मी या महिन्याच्या खरेदीत मागवलीत.