बाकी ठीक?

(गणेशोत्सवातील 'आपली माणसं, आपल्या गोष्टी' या कार्यक्रमात केलेले भाषण)

या मंचावर दरवर्षी नामवंत वक्ते येतात. यंदा एक संध्याकाळ घरच्या माणसांसाठी ठेवायची असं कार्यकारिणीनं ठरवलं आणि चिठ्ठी आमच्या नावाची निघाली. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केलेले साधे उपयंत्री, व्याख्यान काही येत नाही. (स्वतःला 'आम्ही' म्हणायची आपली इंदुरी खोड आहेच, ती सांभाळून घ्या.) म्हणून बायकोनं लिहिलेलं एक पत्र वाचून दाखवतो. तिची परवानगी घेतली आहे. दोन ओळी तिनं स्वतः खोडल्यात, त्या वाचणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची नेमणूक धार जिल्ह्यात, कालव्यावर. मुलीची दहावी आणि आईचे गुडघे, यामुळे बिऱ्हाड इंदूरलाच ठेवलं. सोमवारी पहाटे गंगवाल बसस्टँडवरून निघायचं, शनिवारी रात्री परत. सोमवारच्या टी. एल. बैठकीची माहिती रविवारीच व्हॉट्सॲपवर मागतात, म्हणजे रविवारही अर्धाच. दिवाळीनंतर नहर सुटली की आधी पलेवा, मग गव्हाची पाणी, आणि रात्री-बेरात्री गेटवर चकरा. पण रोज रात्री ९.३० ला घरी फोन मात्र आम्ही चुकवला नाही. त्याचा आम्हाला अभिमानही होता.

पत्र फेब्रुवारीतलं. एका सोमवारी डब्याच्या पिशवीत दशम्यांच्या खाली वहीची तीन पानं घडी घालून ठेवलेली. वाचतो.

"अहो,

तुम्ही रोज फोन करता, त्यामुळे मला तक्रार करायला तोंड नाही. म्हणून लिहिते आहे.

डिसेंबरपासून मी कालनिर्णयवर खूण करते आहे. दूध, फी, गॅस, आईंची औषधं आणि तुमची बस यांखेरीज आपण काही बोललो, तर त्या तारखेला एक टिंब. डिसेंबरात सहा झाली. जानेवारीत तीन, आणि त्यातलं एक संक्रांतीचं, तेही तिळगूळ कडक झाला म्हणून.

लग्नानंतर तुमच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी रोज संध्याकाळी लाइट जायची. आपण ओटल्यावर बसायचो. कुठल्या ठेकेदारानं काय केलं, चौकीदाराच्या मुलीचं लग्न कसं मोडलं, सगळं तुम्ही नकला करून सांगायचात. मी वाचलेलं पुस्तक सांगायची आणि तुम्ही शेवट आधीच ओळखायचात, बहुतेक चुकीचा. मला ते दिवस परत नको आहेत, डास फार होते. ते बोलणं हवं आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारीत मला काखेजवळ गाठ लागली. मी एकटीच जाऊन सोनोग्राफी करून आले, मग सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. रिपोर्ट चांगला आहे, घाबरू नका. त्या पाचही रात्री तुम्ही विचारलंत, 'बाकी ठीक?' आणि मी 'ठीक' म्हटलं. तुम्ही रागावाल म्हणून नाही. पुढचं वाक्य कुठून सुरू करावं तेच सुचेना.

टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचलं का, हे बघायला तुम्ही रात्री दोन वाजता मोटारसायकल काढता. घरात आम्हीही टेललाच आहोत. रविवारी एक तास माझ्याजवळ बसा. फोन आत ठेवून."

पत्र इथं संपतं. गाठीचं वाचू का, असं आम्ही तिला विचारलं होतं. ती म्हणाली, तेच वाचा, समोर बायका असतील.

आता आम्ही काय केलं ते. कॉलनीतल्या खोलीत उभ्याउभ्या पत्र वाचलं आणि तिथूनच फोन लावला. "सांगितलं का नाहीस? डॉक्टर कोण? रिपोर्टचा फोटो पाठव." चार मिनिटं बोललो. ती "बरं" म्हणाली, फोटो आला. आम्ही तो ओळखीच्या डॉक्टरला पाठवला, त्यानंही काळजीचं कारण नाही म्हटलं. आम्हाला वाटलं, झालं काम. रात्री लक्षात आलं की आपण बायकोचं पत्र तक्रारीसारखं निकाली काढलं. आणि १८१ वरची तक्रारसुद्धा तक्रारदाराची संतुष्टी घेऊन बंद करायची असते!

रविवारी गॅलरीत बसलो. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं दोघांनाही काही बोलता येईना. हात तीनदा खिशाकडे गेला. मग तिनं विचारलं, "डिसेंबरात तुम्ही जिना आड चालून का उतरत होता?" तेव्हा सांगितलं. नहरेच्या पाळीवर चिखलात मोटारसायकल घसरली होती, गुडघा सुजला होता. उगाच काळजी नको म्हणून आम्ही घरी बोललो नव्हतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हीही 'ठीक'च म्हणत होतात." त्या दिवशी एक तासाचे अडीच तास झाले. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

त्यानंतर ९.३० चा फोन आम्ही बदलला. त्या वेळी ती ओट्याशी असायची, शेजारी मुलगी अभ्यासाला, आणि आम्ही आडवे पडून एका डोळ्यानं ग्रुपवरचे मेसेज बघत. आता ८ वाजता, जेवणाआधी, कॉलनीच्या रस्त्यावर चालत फोन करतो. चालताना मेसेज वाचता येत नाहीत. ती तेवढा वेळ गच्चीवर जाते. फी, गॅस, औषधं यांची यादी ती दुपारी लिहून पाठवते, आम्ही तिथंच उत्तर देतो. हिशेब फोनवरून काढून टाकला तेव्हा कळलं, फोनमध्ये उरलंच काही नव्हतं. पहिले काही दिवस फोन दोन मिनिटांत संपायचा.

आणि 'बाकी ठीक?' बंद. या प्रश्नाला 'ठीक' याशिवाय उत्तरच नाही, तो निरोप घेण्याचाच प्रकार आहे. आता आम्ही काही विचारण्याआधी दिवसातली एक गोष्ट आपली आपण सांगतो. टेलचे एक आजोबा रोज आम्हाला शिव्या देतात आणि मग चहा पाजतात, ही तिला इतकी आवडली की आता आजोबांची चौकशी रोज होते. आपण सांगितलं की ती सांगते. आपण नुसतं विचारलं तर ती उत्तर देते. हा फरक समजायला आम्हाला १८ वर्षं लागली.

सगळं सुरळीत आहे असं नाही. मार्चमध्ये बिलांच्या धांदलीत महिनाभर एकही टिंब पडलं नाही. तेव्हा तिच्या भावाच्या बदलीची बातमी आम्हाला मुलीकडून कळली. घरातली गोष्ट तिसऱ्याकडून कळली की आपला फोन पुन्हा हिशेबावर आला आहे, असं आम्ही आता धरून चालतो. काही दिवस तिलाच बोलायचं नसतं. मग दोघं फोन कानाला लावून नुसते चालतो, ती तिकडे गच्चीवर, आम्ही इकडे रस्त्यावर. त्या दिवशीही ती टिंब देते. का, ते आम्ही विचारलेलं नाही.

दिवाळीनंतर नहर सुटेल, तेव्हा ८ ची वेळ पाळणं कठीण आहे. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. गेल्या महिन्यात १४ टिंबं झाली. त्यातल्या दोनांवर आमचं एकमत नाही.