नदी गोडी, मग समुद्र खारा का?

गिरगाव चौपाटीवर एका मुलीनं आम्हांला विचारलं, "आमच्या नळाला वैतरणेचं पाणी येतं, ते गोडं. तीच वैतरणा समुद्राला मिळते, मग तो खारा का?"

उत्तर आपल्या चुलीवर आहे. पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो ना? ते क्षार. पावसाचं पाणी खडक झिजवतं, त्यांतले क्षार नदीत उतरतात. पण लिटरमागे चिमूटभरही नाहीत, म्हणून जिभेला कळत नाहीत. समुद्रात उन्हानं पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. वाफेचा पाऊस होतो, नदी पुन्हा थोडे क्षार आणते. हे कोट्यवधी वर्षं चाललंय. आज लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे चहाचे सहा चमचे!

पण भांड्यातला थर खारट लागत नाही. तो बहुतेक चुन्याचा. नदी चुना जास्त आणते, मीठ कमी. समुद्रात शिंपल्या, कालवं तो चुना कवचासाठी घेतात. मीठ मात्र फारसं कुणी घेत नाही, ते साठत जातं. वडाळ्याच्या मिठागरात ऊन तेच मीठ उघडं पाडायचं.