केटररचे बिल वाचताना
(मंडळाच्या सभेतील भाषण)



नोकरीत रोज बिले तपासतो, म्हणून मंडळाने हा विषय माझ्याकडे दिला. आपल्या इंदूरात मुंज असो वा साठीशांत, हलवाई म्हणा की केटरर, त्याचे बिल रात्री उशिरा हाती येते आणि दमलेला यजमान फक्त शेवटचा आकडा बघतो. एक नमुन्याचे बिल घेऊ.

मुंजीसाठी ठरले होते : किमान २०० प्लेट, दर ४५० रुपये. किमान म्हणजे पाहुणे १८० आले तरी पैसे २०० चेच द्यायचे. जास्त आले तर जेवढ्या प्लेट लागल्या तेवढ्यांचे. बिलात प्लेट लिहिल्या २४०, म्हणजे १,०८,००० रुपये. त्याखाली सकाळचा नाश्ता, ६० जणांचा ८० रुपयांप्रमाणे ४,८००, आणि पाण्याचे जार ६००. एकूण १,१३,४००. त्यावर ५ टक्के जीएसटी ५,६७०. झाले १,१९,०७०. आगाऊ २५,००० वजा, बाकी ९४,०७०.

बेरीज बिनचूक आहे. चूक आकड्यांच्या आत आहे.

पहिला प्रश्न, २४० कुठून आले? पंगतीत पाने मोजता येतात. बुफेत मात्र उचललेली प्लेट मोजतात. दुसऱ्यांदा वाढून घेताना पाहुण्याने नवी प्लेट घेतली की एकाचे दोन होतात. बँडवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर, केटररचे स्वतःचे वाढपी हेही त्यात मिसळतात. म्हणून जेवणाआधी काउंटरवर ठेवलेल्या प्लेट घरच्या माणसाने मोजाव्यात, शेवटी उरलेल्या मोजाव्यात आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून केटररच्या माणसाची सही घ्यावी. वाढप्यांचे जेवण कोणाकडे, हे बुकिंगच्या वेळीच लिहावे. आपल्या नमुन्यात असा कागद होता. त्यात वाढपी वगळून २१८ प्लेट निघाल्या. २२ प्लेटचे ९,९०० रुपये कमी झाले.

दुसरे, जीएसटी. प्लेट कमी झाल्या की करही कमी होतो, इथे ४९५ रुपये. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, तर कर मागताच येत नाही.

तिसरे, आगाऊ रक्कम. बुकिंगला २५,००० रोख दिले होते, आठ दिवस आधी किराण्यासाठी १५,००० फोनवरून पाठवले होते. दुसरी रक्कम बिलात आलीच नाही. फोनवरच्या व्यवहाराची नोंद दाखवता येते. रोख रकमेची पावती हवीच.

आता पुन्हा मांडू. २१८ प्लेटचे ९८,१००, नाश्ता आणि पाणी ५,४००, एकूण १,०३,५००. कर ५,१७५. झाले १,०८,६७५. आगाऊ ४०,००० वजा, बाकी ६८,६७५.

फरक २५,३९५ रुपयांचा. यात केटररची लबाडीच असते असे नाही. आगाऊ एका भावाने घेतलेली असते, बिल दुसरा लिहितो. पण प्लेट धुऊन टेम्पोत गेल्यावर मोजणी होत नाही. म्हणून मोजणीच्या कागदाचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या आणि बाकी रक्कम तो कागद बिलाशी ताडून पाहिल्यावरच चुकती करा.