हजेरी चुकली? अर्ज असा लिहा



कॉलेजात तास केला,
तरी गैरहजेरी लागली.
मग मैत्रिणीला मेसेज जातो:
"अगं, मंगळवारी प्रॅक्टिकलला मी होते!
जर्नलवर सरांची सहीसुद्धा आहे!
तरी ॲबसेंट? काय चाललंय यांचं?"

या रागातच अर्ज दडलाय.
वार आहे, तास आहे, पुरावा आहे.
शेवटचा प्रश्न तेवढा गाळा.
तारीख घाला, आणि शेवटी नावासोबत हजेरी क्रमांक लिहा.

"महोदय,
मंगळवार, ४ मार्च रोजी
रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मी उपस्थित होते.
हजेरीपटावर मात्र अनुपस्थितीची नोंद आहे.
त्या दिवशीची सही असलेले जर्नलचे पान जोडले आहे.
नोंद दुरुस्त करावी, ही विनंती."

पुन्हा सांगते:
तारीख, तास, पुरावा.

अर्जावर आधी त्या सरांचा शेरा घ्या.
ते तुम्हाला ओळखतात, कार्यालय फक्त कागद ओळखतं.
मग अर्ज कार्यालयात द्या,
आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.