औषधाच्या दुकानातील एक वही



मस्तगडावरील आमच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून मी बसते. तेथील एका वहीविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे व झोपेच्या गोळ्या ‘एच-१’ अनुसूचीत येतात. ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीत सूचना असते. ते देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व नग वेगळ्या वहीत लिहावे लागतात आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. बॅच क्रमांकाचा रकाना कायदा मागत नाही; तो मी स्वतः आखला आहे. शेजारी खरेदी-बिलाचा क्रमांक आणि समासात रुग्णाचा फोन, एवढे मी अधिक लिहिते. का, ते ऐका.

गेल्या ३१ मार्चला, त्याच महिन्यात मुदत संपणारा माल मी बाजूला काढीत होते. सेफिक्झिमच्या एका बॅचच्या बिलावर १०० गोळ्या आल्या होत्या, वहीप्रमाणे ७० गेल्या. म्हणजे ३० उरायला हव्यात. खोक्यात २० च निघाल्या. दुसऱ्या, नव्या बॅचच्या वहीत २० शिल्लक, पण फळीवर ३०! दोन्हींची बेरीज वहीत पन्नास आणि फळीवरही पन्नास. नुसते औषधाचे नाव लिहिले असते, तर हिशेब चोख दिसला असता.

नव्या बॅचच्या नोंदी मी मागे चाळल्या. २९ तारखेस दहा गोळ्यांची एक पट्टी गेली होती. हाती आली जुनी पट्टी, लिहिला नवा क्रमांक, चूक माझीच. त्या दिवशी ती विकणे नियमाबाहेर नव्हते, कारण छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत असते. पण रोज दोन याप्रमाणे औषध २ एप्रिलपर्यंत चालणार होते! समासातला फोन कामी आला. त्या बाईंच्या पट्टीवरचा क्रमांक विचारून खात्री केली आणि उरलेल्या गोळ्या बदलून दिल्या. वहीत खाडाखोड केली नाही. खाली तारीख घालून दुरुस्तीची ओळ लिहिली व सही केली.

मग उरल्या दोन पट्ट्या. त्या ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवल्या. वितरकाकडे परत पाठविताना चिठ्ठीवर बॅच, नग व मूळ बिलाचा क्रमांक घातला. वहीवर विसंबून तीन पट्ट्या लिहिल्या असत्या, तर मोजदादीत तंटा झाला असता. माल खरोखर दुकानाबाहेर गेला त्याच दिवशी तो शिलकेतून वजा केला. वितरकाचे जमापत्र आले तेव्हा त्याचा क्रमांक त्याच ओळीत लिहिला आणि तो हिशेब मिटला.

आता तुमच्या घरची एक गोष्ट. पट्टी कापून गोळ्या घेताना बॅच व मुदत छापलेले टोक बहुधा दुकानातच राहते. तेव्हा बिल मागून घ्या आणि त्यावरचा बॅच क्रमांक व मुदत दुकानातच त्या टोकाशी ताडून पाहा. औषध संपेपर्यंत ते बिल टाकू नका.